शैक्षणिक कर्ज : दहा लाख घेतले, मग पहिला हप्ता २४,३११ कसा?

शर्वरी_क
नमस्कार मंडळी. इथे बँकेतली आणि कर्ज फेडून मोकळी झालेली बरीच माणसं आहेत, म्हणून विचारतेय.

२०२० मध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं. बँक दर वर्षी १ ऑगस्टला अडीच लाख रुपये थेट कॉलेजला पाठवायची. असे चार टप्पे झाले, शेवटचा २०२३ ला. व्याजदर १० टक्के, स्थिर, मध्ये बदलला नाही. जुलै २०२४ मध्ये कोर्स संपला आणि त्यानंतर एक वर्ष सवलत होती, तीही ३१ जुलै २०२५ ला संपली. परतफेड १२० महिन्यांत.

मी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दहा लाख, दहा टक्के, १२० महिने टाकले तर हप्ता येतो १३,२१५. त्या हिशोबाने घरभाडं आणि बाकीचा खर्च बसवला होता. आता बँकेचा एसएमएस आलाय की १५ सप्टेंबरला २४,३११ रुपये कापले जातील. अकरा हजारांचा फरक! नोकरी लागून जेमतेम वर्ष झालंय. हे नक्की कशाचे पैसे आहेत ते समजल्याशिवाय शाखेत जायला नको वाटतंय, कारण तिथे "सिस्टिमने काढलंय" एवढंच सांगतात.

---

निनाद७
सरळ सरळ लूट आहे ही. शिकत असताना शैक्षणिक कर्जाला सरळ व्याज असतं, चक्रवाढ नसतं. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेत तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे व्याजावर व्याज लागूच शकत नाही. हप्ता दहा लाखांवरच निघायला हवा आणि साठलेलं व्याज वेगळं, सावकाश भरता यायला हवं. शाखेत जाऊन ठणकावून सांगा.

---

अभय_द
शर्वरी, मोरॅटोरियममधल्या व्याजावरचं व्याज सरकारने परत दिलं होतं ना? सुप्रीम कोर्टाचा निकालही आला होता मार्च २०२१ मध्ये. माझ्या गृहकर्जाच्या खात्यात थोडे पैसे जमा झाले होते. तुम्हीही अर्ज करा.

---

खातेवही
आधी अभयरावांचं, म्हणजे धागा भरकटणार नाही. तुम्ही म्हणताय तो कोविडच्या वेळचा मार्च ते ऑगस्ट २०२० चा हप्तेस्थगितीचा काळ. ती सवलत तेव्हा आधीपासून चालू असलेल्या कर्जांना होती. शर्वरींचा पहिला टप्पाच १ ऑगस्ट २०२० ला गेलाय, त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. शैक्षणिक कर्जातला मोरॅटोरियम हा कराराचाच भाग असतो : अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष. त्या काळात हप्ता मागत नाहीत, पण व्याजाचं मीटर पहिल्या टप्प्याच्या दिवसापासून चालू असतं.

मी कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत आणि हा प्रश्न दर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काउंटरवर यायचा. तर शर्वरी, तुमचाच हिशोब कागदावर मांडू.

अडीच लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाचं व्याज २५,००० रुपये. पहिल्या टप्प्याला ३१ जुलै २०२५ पर्यंत पूर्ण पाच वर्षं झाली, म्हणून त्याचं एकट्याचं व्याज १,२५,०००. दुसऱ्याला चार वर्षं, एक लाख. तिसऱ्याला तीन, ७५,०००. आणि शेवटचा टप्पा, जो तुम्हाला कालपरवा घेतल्यासारखा वाटत असेल, त्यालाही दोन वर्षं झाली, त्याचे ५०,०००. एकूण साडेतीन लाख. हे सरळ व्याजाने, व्याजावर एक रुपयाही व्याज न लावता.

सवलतीचा काळ संपला की हे साडेतीन लाख मुद्दलात मिळवतात आणि त्या बेरजेवर हप्ता बांधतात. निनाद यांचं निम्मं बरोबर आहे. शिकत असताना सरळ व्याज, हे खरं. पण त्याच नमुना योजनेत असंही आहे की साठलेलं व्याज मुद्दलात धरून परतफेडीचे हप्ते ठरवायचे. म्हणजे तेरा लाख पन्नास हजारांवर दहा वर्षांचा हप्ता : १७,८४०. तुमच्या १३,२१५ पासून इथपर्यंतचा फरक पूर्णपणे नियमातला आहे. हप्ते सुरू झाल्यावर मात्र त्या साडेतीन लाखांवरही व्याज लागतं, ते टळत नाही.

आता १७,८४० आणि २४,३११ यांच्यामध्ये अजून साडेसहा हजार उरतात. तिथे मला शंका आहे. बँकेने परतफेडीचं वेळापत्रक पाठवलंय का? त्यात सुरुवातीची बाकी किती लिहिली आहे ते सांगा.

---

शर्वरी_क
काका, खूप आभार. टप्प्यागणिक व्याज वेगवेगळं चालतं हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

वेळापत्रक ईमेलला आलंय. सुरुवातीची बाकी १४,२५,८१० लिहिली आहे. मासिक हप्ता १८,८४२, पहिला १५ सप्टेंबरला. आणि त्याच तारखेला वेगळ्या ओळीत "खंडित कालावधीचे व्याज" ५,४६९. दोन्हींची बेरीज २४,३११.

---

खातेवही
म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका एसएमएसमध्ये आल्या आहेत.

५,४६९ ची गोष्ट सोपी आहे. सवलत ३१ जुलैला संपली, पण तुमची हप्त्याची तारीख १५. पहिला हप्ता १५ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या महिन्याचा आहे. मग १ ते १४ ऑगस्ट हे चौदा दिवस कुठल्याच हप्त्यात बसत नाहीत, त्यांचं व्याज एकदाच वेगळं घेतात. १४,२५,८१० वर दहा टक्क्यांनी चौदा दिवसांचं व्याज तेवढंच येतं, ताडून बघा. ऑक्टोबरपासून ही ओळ दिसणार नाही. पहिला हप्ता बाकीच्यांपेक्षा मोठा का, याचं उत्तर एवढंच.

खरा प्रश्न बाकीचा आहे. माझ्या हिशोबाने १३,५०,००० हवी, बँकेकडे १४,२५,८१० आहे. ७५,८१० रुपये जास्त. आणि दरमहा चक्रवाढ धरून मी तुमचे चार टप्पे मोजले तर बरोबर याच आकड्याच्या जवळ पोचतो. खात्यावर सरळ व्याजाऐवजी दरमहा चक्रवाढ लागलेली दिसतेय. पण नुसत्या एकूण आकड्यावरून मी ठाम बोलणार नाही. विम्याचा हप्ता कर्जात घातला असेल तरी बाकी फुगते. तुम्ही नेटबँकिंगमधून पहिल्या वर्षाचा, ऑगस्ट २०२० ते जुलै २०२१ चा, कर्जखात्याचा उतारा काढा.

त्यात एक सांभाळा. दर महिन्याला व्याज नावे पडून बाकी वाढत गेलेली दिसेल. तेवढ्यावरून चक्रवाढ आहे असं समजू नका. बऱ्याच बँकांच्या प्रणालीत सरळ व्याजही असंच खात्यात नावे टाकतात, फक्त पुढच्या महिन्याचं व्याज काढताना ते बाजूला ठेवतात. म्हणून बाकीचा रकाना सोडा आणि व्याजाच्या ओळी एकमेकींशी ताडून बघा. तेही ३१ दिवसांचे महिने ३१ दिवसांच्या महिन्यांशीच, कारण फेब्रुवारीचं व्याज सरळ हिशोबातही कमीच पडतं.

---

गोदाकाठ
मधेच बोलतेय, पण माझ्या मुलाच्या बाबतीत वेगळंच झालं, ते इथे सांगायला हवं.

त्याचे दोन विषय राहिले होते, कोर्स सहा महिन्यांनी लांबला. आम्ही समजत होतो की कोर्स संपल्यावर एक वर्ष म्हणजे खरोखर संपल्यावर. पण बँकेच्या प्रणालीत मंजुरीच्या वेळची तारीखच होती. त्याचा निकाल लागून सहा महिनेच झाले होते आणि हप्ते सुरू झाले. नोकरी नव्हती. खात्यात पैसे नसल्याने दोन हप्ते परत गेले, दंड लागला आणि मुलाच्या सिबिलवर डाग पडला तो वेगळाच. शाखेत म्हणाले, कोर्स लांबल्याचं कॉलेजचं पत्र वेळेत दिलं असतं तर मुदत वाढवता आली असती. कुणी आधी सांगतच नाही हो हे.

---

खातेवही
गोदाकाठ ताई, हे फार ठिकाणी होतं. बँकेला विद्यार्थ्याचा निकाल आपोआप कळत नाही. नमुना योजनेत कोर्स वेळेत पूर्ण झाला नाही तर जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद आहे, पण तिला अर्ज आणि कॉलेजचं पत्र लागतं. आणि ते सवलत संपायच्या आत. वाढलेल्या काळाचं व्याजही साठत राहतं, हे मात्र लक्षात घ्यावं लागतं.

---

शर्वरी_क
उतारा काढला. ३१ दिवसांच्या महिन्यांच्या ओळी अशा आहेत :

ऑगस्ट २०२० : २,१२३
ऑक्टोबर २०२० : २,१५९
जानेवारी २०२१ : २,२१४
जुलै २०२१ : २,३२६

या काळात दुसरा टप्पा आलेला नव्हता आणि विम्याची नोंद कुठेच नाही.

---

खातेवही
मग शंका उरली नाही. अडीच लाखांवर ३१ दिवसांचं सरळ व्याज २,१२३ रुपये, पहिल्या ओळीत तेच आहे. सरळ व्याज असतं तर जुलैतही २,१२३ च दिसलं असतं. ते २,३२६ झालंय, म्हणजे तोवर साठलेलं व्याज मुद्दल धरून त्यावर आकारणी झाली. एका वर्षात फरक फक्त हजार-बाराशेचा पडतो, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही. पाच वर्षं आणि चार टप्पे मिळून तो पाऊण लाखाच्या वर गेला.

आता मंजुरीपत्र बघा. तुमच्या बँकेने त्यात काय लिहून दिलंय यावर पुढचं सगळं ठरेल. खासगी वित्तसंस्थांना नमुना योजना लागू नसते, आणि काही जणी करारातच दरमहा चक्रवाढ लिहितात. तसं लिहून त्याखाली सही असेल तर भांडायला जागा फार कमी.

---

शर्वरी_क
सरकारी बँक आहे. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की अभ्यासक्रमाच्या आणि सवलतीच्या काळात सरळ व्याज. पण पाचव्या पानावर छापील सर्वसाधारण अटी आहेत, त्यात "व्याज मंथली रेस्ट्सने आकारले जाईल" असं आहे. आता यातलं कुठलं खरं धरायचं?

---

निनाद७
दुसऱ्या पानावरचंच! तेच तुमच्या कर्जासाठी खास लिहिलंय.
आणि काका, हप्ता दहा लाखांवरच निघायला हवा असं मी म्हटलं होतं ते मागे घेतो. माझ्या स्वतःच्या पत्रात आत्ता पाहिलं, साठलेलं व्याज मुद्दलात मिळवून हप्ता, असं स्वच्छ लिहिलंय.

---

खातेवही
माझंही मत निनादसारखंच आहे. मंथली रेस्ट्स म्हणजे दर महिन्याच्या शेवटी व्याज बाकीत मिळवणं, आणि हप्ते सुरू झाल्यावर ते लागू होतंच. त्याआधीच्या काळासाठी दुसऱ्या पानावर स्वतंत्र अट दिलेली आहे. बहुधा खातं उघडताना योजनेचा कोड चुकीचा पडला असावा आणि प्रणालीने सगळ्या काळाला एकच नियम लावला. बँक उलट बाजू मांडू शकते, नाही असं नाही. मी तिथे असतो तर दुरुस्त केलं असतं, पण निर्णय त्यांचा आहे.

तोंडी बोलू नका. अर्ज लेखी द्या. त्यात मंजुरीपत्राच्या दोन्ही पानांच्या प्रती, पहिल्या वर्षाचा उतारा आणि चार टप्प्यांचा सरळ व्याजाचा हिशोब जोडा. मागणी एकच लिहा : ३१ जुलै २०२५ ची बाकी सरळ व्याजाने पुन्हा काढून हप्ता त्यावर बांधावा. पोच घ्या. मान्य झालं तर हप्ता साधारण हजार रुपयांनी कमी होईल, दहा वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास. चौदा दिवसांचं व्याजही ५,१७८ वर येईल.

---

रेवा_पा
मी कर्ज घेतलं तेव्हा वडिलांनी पहिल्या महिन्यापासून व्याज भरलं होतं, म्हणून माझा हप्ता अंदाजाएवढाच आला. शर्वरीच्या आकड्यांवर मी करून बघितलं. पहिल्या वर्षी महिन्याला २,०८३, दुसऱ्या वर्षी ४,१६७, असं वाढत शेवटची दोन वर्षं ८,३३३. एकूण तेच साडेतीन लाख, पण नंतरचा हप्ता १३,२१५. सगळं मिळून साधारण १९.३६ लाख जातात. काहीच न भरता साडेतेरा लाखांवर हप्ते दिले तर २१.४१ लाख. दोन लाखांचा फरक आहे. शिवाय आमच्या बँकेने नियमित व्याज भरलं म्हणून दरात एक टक्का सूट दिली होती.

शेवटच्या वर्षाचे ८,३३३ प्रत्येक घराला झेपतील असं मुळीच नाही. पण पहिल्या वर्षीचे दोन हजार अनेकांना जमतात, आणि सगळ्यांत जास्त काळ व्याज धावतं ते त्याच टप्प्याचं.

शर्वरी, मुदत १८० महिने करून मागायचा विचार आहे का?

---

शर्वरी_क
विचार केला होता. साडेतेरा लाख धरले तर पंधरा वर्षांना १४,५०७ येतो, तो सहज जमेल. पण एकूण २६ लाखांच्या वर जातात, म्हणजे दहा वर्षांपेक्षा पावणेपाच लाख जास्त. मन होत नाहीये. काका, मुदत वाढवून घेऊन जमेल तेव्हा जादा भरलं तर?

---

खातेवही
चालतं. फक्त जादा रक्कम भरताना "मुद्दलात जमा करा" असं लेखी सांगा, नाहीतर काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते आणि व्याज कमी होत नाही. पण आधी बाकीचा निकाल लागू द्या. चुकीच्या बाकीवर मुदत वाढवून नवीन कागदावर सही केलीत तर तीच बाकी तुम्हाला मान्य आहे असा अर्थ निघेल.

---

रेवा_पा
आयकराचंही बघ. जुनी कररचना घेतली असशील तरच कलम ८०ई खाली व्याजाची वजावट मिळते, आणि तीही प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची. साठलेल्या व्याजाची नाही. पहिल्यांदा व्याज भरलं ते वर्ष आणि पुढची सात, एवढाच काळ. तुझा हप्ता दहा वर्षांचा, म्हणजे शेवटची जवळपास अडीच वर्षं त्यात येणार नाहीत. पण व्याजाचा मोठा भाग सुरुवातीलाच असतो. तुझ्या पहिल्या महिन्यात साडेतेरा लाखांवर ११,२५० तर नुसतं व्याजच आहे.

---

गोदाकाठ
आणि मुद्दलात मिळवलेले ते साडेतीन लाख? ते मुळात व्याजच होतं ना? हप्त्यातून ते फेडलं तर त्याची वजावट मिळते का? आमच्या बँकेने प्रमाणपत्रात ते मुद्दल म्हणूनच दाखवलं.

---

रेवा_पा
ताई, आमच्या करसल्लागारांचं म्हणणं मिळायला हवं असं होतं, पण त्यांनीही शेवटी बँकेच्या प्रमाणपत्राबाहेर जायला नको म्हणून ते सोडून दिलं. कुणी दावा करून तो टिकवला असेल तर इथे लिहा.

---

अभय_द
माझ्या पुतणीने याच वर्षी कर्ज घेतलंय म्हणून विचारतो. व्याजाचं अनुदान असतं ना सरकारचं? ते मिळालं तर हे काही साठणारच नाही?

---

खातेवही
घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि भारतातला मान्यताप्राप्त संस्थेतला व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम असेल, तर केंद्राच्या योजनेत सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत, संस्था त्यांच्या यादीत असेल तर, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीन टक्के व्याजाची सवलत आहे, तीही त्याच काळापुरती आणि दहा लाखांपर्यंतच. तीन टक्के म्हणजे बाकीचं व्याज साठतंच. उत्पन्नाचा दाखला आणि अर्ज यांचा पाठपुरावा घरच्यांनीच करावा. आणि हप्ते सुरू होताना अनुदानाची रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झाली आहे का, ते उताऱ्यात बघावं. मंजूर झालेली पण जमा न झालेली रक्कम हप्ता बांधताना धरली जात नाही.

---

शर्वरी_क
आज शाखेत जाऊन आले. व्यवस्थापक बाईंनी हिशोब नीट वाचला, व्याजाच्या चार ओळी स्वतः पडद्यावर तपासल्या आणि म्हणाल्या की हे विभागीय कार्यालयाला पाठवावं लागेल, बाकी बदलण्याचा अधिकार शाखेला नाही. पोच मिळाली. १५ तारखेच्या आत उत्तर येईल असं त्यांना वाटत नाही.

आता २४,३११ भरू का? भरले तर मान्य केल्यासारखं होईल का?

---

खातेवही
पूर्ण भरा. हप्ता चुकला तर गोदाकाठ ताईंच्या मुलासारखं सिबिलचं दुखणं मागे लागेल, आणि ते पाऊण लाखापेक्षा महाग पडतं. शाखेला एक ईमेल टाका की अर्जावर निर्णय बाकी असून हक्क राखून रक्कम भरत आहे. अर्ज दिल्यापासून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. पोच जपून ठेवा.

---

निनाद७
काका, माझी सवलत मार्चमध्ये संपतेय आणि मला आत्ताच तपासायचंय. पण माझा दर रेपोशी जोडलेला आहे, मध्ये बऱ्याचदा बदलला. त्यामुळे दोन महिन्यांच्या ओळी ताडून काही कळत नाही. चढ दराचा की चक्रवाढीचा, ते कसं ओळखू?

---

खातेवही
उलटा हिशोब करा. ज्या महिन्यात दर बदलला नाही असा एक महिना घ्या. त्याचं व्याज गुणिले ३६५, भागिले महिन्याचे दिवस, भागिले तेव्हाचा दर. जे येईल त्या रकमेवर बँकेने व्याज लावलंय. शर्वरींच्या जुलै २०२१ च्या ओळीचं करा : २,३२६ गुणिले ३६५, भागिले ३१, भागिले ०.१०. येतात साधारण २,७३,९००, आणि तेव्हा कॉलेजला गेले होते फक्त अडीच लाख. तुमचं उत्तर तोवर वाटलेल्या टप्प्यांच्या बेरजेएवढं आलं तर खातं बरोबर आहे. जास्त आलं तर मार्चची वाट न बघता आत्ताच अर्ज द्या, हप्ता बांधला जायच्या आत दुरुस्ती करून घेणं पुष्कळ सोपं असतं.